रावणवध सातवा, रामजन्म छत्तिसावा

गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून 1955 च्या रामनवमीला सुरू झाले. दर आठवड्याला एक गाणे असे वर्षभर चालायचे ठरले होते. त्या वर्षी अधिकमास आला आणि गाण्यांची संख्या 56 झाली. ही 56 गाणी म्हणजे एक सलग कथा आहे. कुश-लव रामापुढे गायला उभे राहतात तिथून ती सुरू होते, सहाव्या गाण्यात राम जन्मतो आणि एकोणपन्नासाव्यात रावण पडतो. क्रम मोडला की कथाच मोडते. आज मोबाइलवर किंवा संगणकावर हा संच ऐकताना नेमका क्रमच बिघडतो, किंवा एकाच नावाचे पाच-सहा अल्बम समोर येतात आणि त्यातला कोणता जपून ठेवावा ते कळत नाही.

क्रम कसा बिघडतो, ते एका कल्पित मांडणीवरून पाहू. समजा, तुमच्याकडे हा संच सात सीडींवर आहे आणि प्रत्येक सीडीवर आठ गाणी आहेत. प्रत्येक सीडीवरची गाणी एकपासून मोजलेली असतात. म्हणजे दुसऱ्या सीडीवरचे पहिले गाणे हे खरे तर नववे, तिसऱ्या सीडीवरचे पहिले हे सतरावे. सीड्या संगणकावर उतरवल्या की प्रत्येक गाण्याच्या फाइलमध्ये काही नोंदी होतात: गाण्याचे नाव, गायक, अल्बम, गाण्याचा क्रमांक आणि सीडीचा क्रमांक. यातली शेवटची नोंद राहून गेली, तर प्लेअरला ‘क्रमांक 1’ अशी सात गाणी दिसतात. तो ती सातही आधी लावतो, मग सगळी ‘क्रमांक 2’ची, मग ‘क्रमांक 3’ची.

आता ऐकायला बसा. पहिल्या गाण्यानंतर नववे येते, मग 17, 25, 33, 41 आणि 49. अयोध्येत राम जन्मायच्या आत सातव्या गाण्याला रावणवध होतो. रामजन्माचे गाणे लागते छत्तिसावे! हा दोष सहज लक्षात येत नाही, कारण पहिले आणि छप्पन्नावे गाणे आपापल्या जागीच राहते. वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. म्हणून यादीत दुसऱ्या जागी काय आहे ते पाहावे. तिथे दशरथाच्या अयोध्येचे वर्णन हवे. त्राटिकेच्या वधाचे गाणे दिसले तर सीडीच्या क्रमांकाची नोंद हरवली आहे असे समजावे.

यादी 1, 10, 11, 12 अशी जाऊन 19 नंतर 2 आला, तर कारण वेगळे असते. तिथे गाण्याच्या क्रमांकाची नोंदच नसते आणि प्लेअर फाइलच्या नावावरून क्रम लावतो. अशा वेळी काही प्लेअर नावातल्या आकड्यांकडे अक्षरांसारखे पाहतात. फाइलच्या नावात 01, 02 असे दोन अंकी आकडे दिले की हा गोंधळ मिटतो. मात्र या सगळ्याच्या आधी शफल सुरू नाही ना, ते पाहावे. स्पॉटिफायवर अल्बमचे मुख्य बटणच पूर्वी गाणी उलटसुलट वाजवत असे. ब्रिटिश गायिका अडेल हिच्या आग्रहानंतर 2021 च्या नोव्हेंबरात ते बदलले.

एका अल्बमचे तुकडे होतात तेही नोंदींमुळेच. आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ अनेकांनी गायले होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात होते. अशा संचाच्या फाइलींत प्रत्येक गाण्याला वेगळा गायक असतो. संपूर्ण अल्बम कोणाचा, हे सांगणारी `Album Artist` ही नोंद रिकामी असेल, तर अनेक प्लेअर प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम करतात. नावाच्या स्पेलिंगनेही तेच होते. `Geet Ramayan`, `Geet Ramayana` आणि `गीतरामायण` ही माणसाच्या लेखी एकच नावे असली, तरी प्लेअरच्या लेखी तीन निरनिराळे अल्बम ठरतात.

दुरुस्ती अवघड नाही. `Mp3tag` सारख्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या 56 फाइली एकदम निवडाव्यात. अल्बमचे नाव आणि `Album Artist` या दोन नोंदी सगळ्यांना अक्षरशः एकसारख्या द्याव्यात. मग प्रत्येक फाइलला सीडीचा क्रमांक द्यावा, किंवा तो सगळीकडून काढून टाकून गाण्यांना 1 ते 56 असे सलग क्रमांक द्यावेत. कथागीतांसाठी मला सलग क्रमांकच बरे वाटतात. सीडी बदलली तरी कथा पुढे चालूच असते.

स्ट्रीमिंग ॲपवर मात्र या नोंदी आपल्या हातात नसतात. तिथे प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरांचा आयएसआरसी नावाचा ओळखक्रमांक असतो आणि प्रत्येक प्रकाशनाला वेगळा बारकोड. एकच रेकॉर्डिंग कितीही प्रकाशनांत घालता येते. कंपनीने संच आधी भागाभागांनी दिला, नंतर एकत्र दिला, मग आवाज सुधारून नवी आवृत्ती काढली, किंवा वितरक बदलला म्हणून सगळे पुन्हा पाठवले, की दर वेळी नवा बारकोड येतो आणि ॲपवर नवा अल्बम उभा राहतो. जुना काढला गेला नाही तर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. शिवाय नाव तेच असले तरी आतला ऐवज वेगळा असू शकतो. बाबूजींची ध्वनिमुद्रिका, त्यांचा रंगमंचावरचा कार्यक्रम आणि दुसऱ्या कोणी गायलेली हीच गाणी या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

मग ठेवावा कोणता? आधी गाण्यांची संख्या पाहावी. 56 पेक्षा कमी असतील तर तो एखादा भाग किंवा निवडक गाण्यांचा संच आहे, आणि जास्त असतील तर निवेदन वेगळे मोजले आहे किंवा काही भर घातली आहे. मग गायकाचे नाव आणि एखाद्या गाण्याची लांबी ताडून पाहावी. दोन अल्बमांत तेच गाणे सेकंदासेकंदाला जुळत असेल तर बहुधा रेकॉर्डिंग एकच आहे. लांबीत मोठा फरक असेल तर थोडे ऐकून पाहावे. टाळ्या ऐकू आल्या तर तो कार्यक्रमाचा आहे. शेवटी अल्बमच्या तळाशी ℗ या चिन्हापुढे कंपनीचे नाव आणि वर्ष असते, ते वाचावे. वर ठळक दिसणारे साल पुष्कळदा त्या प्रकाशनाचे असते, गाणे मुद्रित झाल्याचे नव्हे. मूळ हक्कदार कंपनीचे नाव असलेला, पूर्ण आणि क्रमाने असलेला अल्बम घ्यावा. जुन्या एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रिकांसाठी ते नाव सारेगामा हे आहे. अनोळखी कंपनीने चढवलेला अल्बम हक्काच्या तक्रारीनंतर एका दिवसात नाहीसा होऊ शकतो.

‘सेव्ह’ केल्यावर आपल्याकडे राहतो तो एका बारकोडचा दुवा. तो अल्बम मागे घेतला गेला की गाणी करडी दिसू लागतात आणि वाजत नाहीत. म्हणून पूर्ण अल्बम सेव्ह करावाच, पण 56 गाण्यांची नावे क्रमाने एका कागदावर किंवा साध्या फाइलमध्येही लिहून ठेवावीत. उद्या नवे प्रकाशन आले तर त्या यादीवरून क्रम तपासता येतो आणि सगळीच प्रकाशने उलटसुलट असली तर अर्ध्या तासात स्वतःची प्लेलिस्ट लावता येते. सीडी घरात असतील तर त्या देऊन टाकू नयेत. तुमच्याकडचा तेवढाच एक संच कोणालाही मागे घेता येत नाही.