त्रेचाळीस मुलांचं वर्तुळ

शाळेच्या पुस्तकातल्या वृत्तालेखाच्या गणितांत एकूण संख्या बहुधा सोयीची निवडलेली असते: ३६, ६०, ९० किंवा १८०. ३६० शी तिचं छान जमतं आणि प्रत्येक वर्तुळपाकळीचा कोन पूर्ण अंशांत येतो. खऱ्या वर्गात जाऊन ‘शाळेत कसे येता?’ असं विचारलं तर मात्र आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत.

समजा, वर्गाचा पट ४५ आहे. फळ्यावर ताळ्याच्या खुणा करत गेलं आणि वारंवारता सारणी अशी आली: पायी १७, सायकलने ११, एसटीने ८, रिक्षाने ४ आणि घरच्या दुचाकीवर ३. याचा वृत्तालेख कोनमापक घेऊन हाताने काढायचा आहे.

कोन काढण्यामागची कल्पना वाटणीची आहे. वर्तुळाच्या केंद्राभोवतीचे ३६० अंश सगळ्या मुलांत सारखे वाटायचे आणि जितकी मुलं पायी येतात तितके वाटे पायी येणाऱ्यांच्या पाकळीला द्यायचे. म्हणून गटाची वारंवारता गुणिले ३६०, भागिले एकूण वारंवारता. सूत्र एवढंच. घोटाळा होतो तो ‘एकूण’ या शब्दापाशी.

पट ४५ आहे आणि ३६० ला ४५ ने भागलं की बरोब्बर ८ येतात. मोह होणारच. आठाच्या पाढ्याने १३६, ८८, ६४, ३२ आणि २४ असे कोन झटपट मिळतात, पण त्यांची बेरीज भरते ३४४. वर्तुळात १६ अंशांची फट राहते. फट सोळाचीच का? कारण त्या दिवशी दोन मुलं गैरहजर होती आणि त्यांचे आठ-आठ अंश कुणाच्याच नावावर गेले नाहीत. सारणीतल्या वारंवारतांची बेरीज ४३ आहे, भागायचं तिनेच. गैरहजर मुलं दाखवायचीच असतील तर ‘माहिती नाही’ असा सहावा गट करून त्यात २ लिहावेत, मग ४५ ने भागायला हरकत नाही. उलटा प्रकारही घडतो. अर्धी वाट सायकलने आणि पुढे एसटीने येणाऱ्या मुलाची खूण दोन्हीकडे पडली, तर खुणा मुलांपेक्षा जास्त होतात. अशा सारणीचा वृत्तालेख काढू नये, कारण वर्तुळात एका मुलाला एकच जागा आहे.

आता ४३ ने भागू. एका मुलाच्या वाट्याला ८.३७ अंश आणि वर थोडं काही येतं. ही अपूर्णांकाची शेपटी आधीच छाटून ८.४ धरली तर सगळ्या कोनांची बेरीज ३६१ च्या वर जाते. म्हणून आधी गुणावं, मग भागावं आणि दशांश शेवटी सोडावेत. १७ गुणिले ३६० म्हणजे ६१२०. त्याला ४३ ने भागून १४२.३३. याच रीतीने पुढचे कोन ९२.०९, ६६.९८, ३३.४९ आणि २५.१२ येतात.

काही जण आधी शेकडेवारी काढून तिला ३.६ ने गुणतात. रीत चुकीची नाही, पण शेकडेवारी पूर्णांकात आणून पुढे गेलं की फसगत होते. आपल्या सारणीत शेकडे ४०, २६, १९, ९ आणि ७ असे येतात, बेरीज १०१. त्यावरून काढलेले कोन ३६३.६ अंश भरतात आणि शेवटची पाकळी पहिलीवर चढते.

साध्या कोनमापकावर अंशाचा दशांश दिसत नाही. दिसला तरी उपयोग नव्हता, कारण ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर एक अंश म्हणजे परिघाचा जेमतेम ९ दशांश मिलिमीटर तुकडा, पेन्सिलच्या रेघेपेक्षा थोडासाच रुंद. तेव्हा कोन पूर्णांकात आणायचे: १४२, ९२, ६७, ३३, २५. बेरीज ३५९! एक अंश हरवला. इथे बरेच जण तो सगळ्यांत मोठ्या पाकळीत गुपचूप घालतात. मला ते पटत नाही. तो अंश ३३.४९ चा आहे, जो अगदी थोडक्यासाठी खाली ढकलला गेला.

त्याहून सरळ रस्ता म्हणजे पाकळ्यांचे कोन पूर्णांकात आणूच नयेत, सीमारेषांचे आणावेत. सारणीत संचित वारंवारतेचा एक रकाना वाढवायचा: १७, २८, ३६, ४०, ४३. यातल्या प्रत्येक संख्येला ३६० ने गुणून ४३ ने भागलं की १४२.३३, २३४.४२, ३०१.४०, ३३४.८८ आणि ३६० मिळतात. हे पूर्णांकात आणले की १४२, २३४, ३०१, ३३५, ३६०. आता लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक पाहा: १४२, ९२, ६७, ३४, २५. हरवलेला अंश रिक्षावाल्यांकडे आपोआप परतला. शेवटची सीमा नेहमी ३६० वरच असते, त्यामुळे बेरीज चुकायला जागाच नाही. या रीतीची एक खोड मात्र आहे. समान वारंवारतेच्या दोन पाकळ्यांत कधीकधी एका अंशाचा फरक पडतो. आपल्याच वर्गात एकेका मुलाचे तीन गट ओळीने सुरुवातीला असते, तर सीमा ८, १७, २५ वर आल्या असत्या आणि मधल्याला ९ अंश मिळाले असते. डोळ्याला हे जाणवत नाही.

आखतानाही हेच आकडे कामाला येतात. प्रत्येक पाकळी आधीच्या रेघेवर कोनमापक ठेवून मोजली तर दर वेळचा हाताचा हलकासा हेलकावा पुढे साठत जातो आणि सगळी कसर शेवटच्या पाकळीत दिसते. त्याऐवजी केंद्रातून वर-खाली एक पुसट व्यास काढावा आणि कोनमापकाची सरळ कड त्यावर, गोल बाजू उजवीकडे, अशी ठेवावी. ज्या मापपट्टीचा शून्य वरच्या टोकाशी आहे तीवर १४२ ची खूण करावी. पट्टी चुकली तर तोच बिंदू ३८ वाचला जातो. पण पायी येणाऱ्यांची पाकळी काटकोनाहून मोठी दिसायलाच हवी, त्यामुळे चूक लगेच डोळ्यांत भरते. १८० च्या पुढचं मोजायला कोनमापक डावीकडे फिरवायचा, शून्य आता खालच्या टोकाशी घ्यायचा आणि प्रत्येक सीमेतून १८० वजा करायचे: ५४, १२१, १५५. तिन्ही खुणा केंद्राशी जोडल्या की वरच्या अर्ध्या रेघेपाशी दुचाकीची पाकळी उरते. व्यासाची खालची अर्धी रेघ खोडून टाकायची, कारण ती कुठल्याच पाकळीची सीमा नाही.

ही शेवटची पाकळी आखलेली नसते, उरलेली असते. म्हणूनच ती वेगळी मोजून पाहावी. २५ च्या आसपास भरली तर काम बरोबर. ३० भरली तर बहुधा एखादी खूण पाचाने अलीकडे पडली आहे, आणि ती शेवटचीच असणार: १५५ ऐवजी १५० वर. आधीची एखादी खूण सरकली असती तर बिघाड तिच्या दोन शेजारच्या पाकळ्यांपुरता राहिला असता आणि दुचाकीला कळलंही नसतं. म्हणून शंका आली की बाकीच्या पाकळ्याही एकेक मोजाव्यात.

पाकळ्यांवर अंश लिहू नयेत. वाचणाऱ्याला १४२ अंशांशी काही देणंघेणं नाही. त्याला १७ मुलं पायी येतात हे हवं असतं. आणि वर्तुळाखाली ‘एकूण मुले ४३’ ही ओळ लागतेच, कारण ४३० मुलांपैकी १७० पायी येत असती तरी पाकळी हुबेहूब हीच आली असती.