धुळेकरांनो, आकाश नाही, साक्रीकडे बघा

पाणी साचण्याचा इशारा वाचून आपण खिडकीतून आभाळ बघतो. जळगावात ते ठीक आहे. बजरंग पुलाखालच्या बोगद्यात पाणी भरतं ते शहरातल्याच पावसाचं, त्यामुळे जोरदार सर येऊन गेली की तो रस्ता टाळायचा. धुळ्यात मात्र ऊन पडलेलं असतानाही पांझरेवरचा छोटा पूल पाण्याखाली जाऊ शकतो.

पांझरा साक्री तालुक्यातून येते. पिंपळनेरच्या बाजूला पाऊस झाला की लाटीपाडा धरण भरून वाहतं, कान नदीवरच्या मालनगावचं पाणीही खालीच येतं आणि सगळं अक्कलपाडा धरणात जमतं. तिथून विसर्ग सुरू झाला की काही तासांत पाणी धुळ्यात पोहोचतं. म्हणून सकाळी कामाला निघताना अक्कलपाड्याच्या विसर्गाची बातमी बघा. आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे ५,००० क्युसेक म्हटलं की दर सेकंदाला जवळपास १ लाख ४० हजार लिटर. सकाळपेक्षा दुपारचा आकडा वाढलेला असेल, तर परतीला सरळ मोठ्या पुलानेच या.

आणि छोट्या पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालू नका. गढूळ पाण्यात कठडा कुठे संपतो ते कळत नाही, आणि फूटभर वाहत्या पाण्यात छोटी कारसुद्धा वाहून जाऊ शकते.