फराळाच्या डब्यामागे ११८ रुपये

समजा, कोथरूडमधल्या फराळवाल्या काकूंनी इन्स्टाग्रामवर जाहिरात लावली: रोज २०० रुपये, सात दिवस. झाले १,४००, वर १८ टक्के जीएसटी धरून १,६५२. हा कर हिशेबात धरायचा राहूनच जातो.

नुसतं ‘पुणे’ निवडलं, तर हडपसरहूनही विचारणा येते आणि डबा पोचवण्यातच नफा जातो. त्यापेक्षा नकाशावर घराभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ आखावं आणि जाहिरातीवरचं बटण थेट व्हॉट्सॲप उघडेल असं ठेवावं.

आठवड्याअखेर लाइक मोजू नयेत. त्यांनी चकली खपत नाही. ४२ जणांनी विचारलं, १४ जणांनी एकेक डबा घेतला, तर डब्यामागे जाहिरातीचा खर्च ११८ रुपये. डब्यावर नफा १५० असेल, तर काकूंच्या हाती उरतात ३२.