पुट-कॉल गुणोत्तर व खुले करार

पुट-कॉल गुणोत्तर : पर्याय-करारांच्या बाजारातील पुट करारांच्या संख्येला कॉल करारांच्या संख्येने भागून येणारे प्रमाण. ठरलेल्या किंमतीस खरेदी करण्याचा हक्क देणारा करार म्हणजे कॉल व विक्रीचा हक्क देणारा करार म्हणजे पुट. मुंबईच्या कापूस व सोने-चांदीच्या बाजारांत हेच करार पूर्वी अनुक्रमे ‘तेजी’ व ‘मंदी’ या नावांनी होत. वस्तूंमधील असे व्यवहार १९५२ च्या व रोख्यांमधील १९५६ च्या कायद्याने निषिद्ध ठरले. रोख्यांवरील बंदी १९९५ मध्ये उठली आणि जून २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टी निर्देशांकावरील पर्याय-करार सुरू झाले.

गुणोत्तर दिवसाच्या उलाढालीवरून किंवा खुल्या करारांवरून काढतात. खुले करार म्हणजे दिवसाअखेर न मिटलेले करार. ‘अ’ ने ‘ब’ ला नवा करार विकला, तर त्यांची संख्या एकाने वाढते. ‘ब’ ने तो ‘क’ ला विकल्यास ती तेवढीच राहते. ‘अ’ ने ‘क’ कडून तो परत घेतल्यास एकाने घटते. म्हणून उलाढाल मोठी असूनही खुले करार स्थिर राहू शकतात.

अर्थ लावण्यातील मूळ अडचण येथेच आहे. प्रत्येक कराराला एक ग्राहक व एक विक्रेता असतो. खुले पुट करार वाढले, तर घसरणीच्या भीतीने खरेदी वाढली असे म्हणता येते. तसेच भाव पडणार नाही अशा विश्वासाने विक्री वाढली, असेही म्हणता येते. उलाढालीचे मोठे गुणोत्तर अमेरिकेत परंपरेने अतिभीतीचे व म्हणून उलट्या दिशेने वाचण्याचे लक्षण समजतात. भारतात खुल्या पुट करारांचा मोठा साठा विक्रेत्यांनी उभारलेला ‘आधार’ मानला जातो. पुढारी बाजू कोणती हे केवळ संख्येवरून कळत नाही.

दुसरी अडचण कार्यकारणाची आहे. निर्देशांक चढला की, विक्रेते वरच्या पातळीवरील नवे पुट विकतात व गुणोत्तर वाढते. त्यामुळे गुणोत्तर व भाव एकाच दिवशी बरोबर हलताना दिसतात. पण ते झालेल्या चढाचे प्रतिबिंब असते, पुढील चढाचे भाकीत नव्हे. शिवाय मुदत संपताच जुने करार गणनेतून गळतात आणि गुणोत्तर भावनेत बदल नसतानाही उडी घेते.

म्हणून परीक्षा घेताना बाजार बंद झाल्यावर ज्ञात असलेले गुणोत्तर घेऊन त्याची दुसऱ्या दिवसाच्या बदलाशी तुलना करावी लागते. भिवंडीतील एखाद्या सूतव्यापाऱ्याने बाजाराच्या प्रसिद्ध आकड्यांवरून अशी नोंद वर्षभर ठेवली, असे समजू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. २५० दिवसांपैकी १३५ दिवस, म्हणजे ५४ टक्के दिवस, निर्देशांक वाढला. गुणोत्तर मोठे असलेल्या ६० दिवसांनंतर तो ३६ वेळा, म्हणजे ६० टक्के वेळा, वाढला. ६० टक्के यश आकर्षक वाटते. परंतु ५४ टक्क्यांच्या सर्वसाधारण दराने ६० पैकी सुमारे ३२ दिवस तेजीचे यायचेच होते. अशा गणनेत केवळ योगायोगाने ४ दिवसांचा फरक सहज पडतो. त्यामुळे पुरावा सिद्ध होत नाही. हेच प्रमाण ६०० दिवसांत टिकले, तर ३२४ ऐवजी ३६० दिवस येतील व १२ दिवसांच्या योगायोगी चढउताराच्या तिप्पट असलेला तो फरक विचारार्ह ठरेल. तरीही लागोपाठचे दिवस परस्परांपासून स्वतंत्र नसतात. आदल्या दिवसाच्या भावबदलाचा परिणाम वजा करावा लागतो. आणि ‘मोठे गुणोत्तर’ ही मर्यादा आकडे पाहून निवडली असेल, तर वेगळ्या काळावर तिची पुन्हा कसोटी घ्यावी लागते.

जुन पान व ॲलन पोटेशमन यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यांनी शिकागो येथील पर्यायबाजाराच्या १९९०–२००१ या काळातील नोंदींमधून ग्राहकांनी नव्याने केलेली खरेदी तेवढी वेगळी काढली. या मोजमापाने गुणोत्तर कमी असलेले शेअर ते अधिक असलेल्या शेअरांपेक्षा पुढील आठवड्यात १ टक्क्याहून अधिक सरस ठरले. परंतु ही विभागणी सर्वांना उपलब्ध नव्हती आणि निर्देशांकावरील पर्यायांत असे ज्ञान आढळले नाही, कारण तेथील पुष्कळशी पुट-खरेदी संरक्षणासाठी असते. सारांश, भाकिताचे मूल्य होते ते कोण खरेदी करतो या माहितीत. प्रसिद्ध होणाऱ्या एकत्रित बेरजेत ती माहिती मिटून जाते.

याचे व्यावहारिक गांभीर्य मोठे आहे. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाच्या (सेबी) सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व पर्याय-व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. म्हणून पुट-कॉल गुणोत्तर व खुल्या करारांतील बदल हे बाजाराची सद्यःस्थिती सांगणारे मापक मानणे युक्त; खर्च वजा जाता टिकणारा लाभ वेगळ्या काळातील कसोटीत दिसेपर्यंत त्यांना भविष्यसूचक मानता येत नाही.