जुम्म्याची नमाज : दोन रकाती आणि दोन खुतबे

मुसलमान मनुष्यावर दिवसाकाठी ज्या पाच नमाजा फर्ज, म्हणजे अनिवार्य, मानलेल्या आहेत त्यांच्या रकातींची बेरीज सतरा होते; पहाटेच्या दोन, दुपारच्या जुहरच्या चार, तिसऱ्या प्रहरीच्या असरच्या चार, सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या तीन आणि रात्रीच्या इशाच्या चार. एक रकात म्हणजे उभे राहून केलेले कुराणपठण, त्यामागून कमरेत वाकून रुकू, आणि मग भूमीला कपाळ टेकून दोन सजदे. ही संख्या वर्षभर ढळत नाही. मात्र शुक्रवारी दुपारी, ज्याच्यावर जुम्म्याची नमाज बंधनकारक आहे आणि जो ती जमातीबरोबर अदा करतो, त्याच्यापुरती ती पंधरावर येते. त्या दिवशी जुहरच्या चार रकातींची जागा जुम्म्याच्या दोन रकाती घेतात, आणि त्या दोहोंच्या आधी खतीब मिंबरावर उभा राहून दोन खुतबे देतो. गळलेल्या दोन रकातींचा मोबदला म्हणजेच हे दोन खुतबे, असे एक जुने स्पष्टीकरण आहे.

या अदलाबदलीमुळे नमाजेचे स्वरूपच पालटते, असे मला वाटते. जुहर जमातीबरोबर पढणे श्रेयस्कर खरे, परंतु शेतकऱ्याने बांधावर, दुकानदाराने पेढीच्या मागच्या खोलीत, प्रवाशाने फलाटाच्या कोपऱ्यात ती एकट्याने पढली तरी ती पुरी होते. वेळ टळली तर मागाहून कजा म्हणून तिची फेड करता येते. आणि तिच्यातील पठण मनातल्या मनात, ओठांपुरतेच असते. जुम्मा एकट्याला पढता येत नाही, आणि तो हुकला तर त्याची कजा नाही: हुकलेल्याने निमूटपणे जुहरच्या चार रकाती पढाव्या. इमाम भर दुपारी मोठ्याने पठण करतो, आणि ‘अल-आला’ व ‘अल-गाशिया’ हे अध्याय त्या दोन रकातींत म्हणण्याचा प्रघात प्रेषितांपासून चालत आलेला आहे. स्त्रिया, मुले, रुग्ण आणि प्रवासी यांच्यावर जुम्म्याचे बंधन नाही. ते आले तर त्यांची नमाज होते, न आले तर त्यांची जुहर आहेच.

खुतब्याचा विधी थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. मध्यान्ह कलल्यावर पहिली बांग होते, लोक स्नान करून, धुतलेले कपडे घालून येतात आणि सुन्नत पढून बसतात. ही पहिली बांग मूळची नव्हे. मदिनेची वस्ती वाढल्यावर तिसरे खलिफा उस्मान यांनी बाजारातील झौरा नावाच्या जागेवरून ती देवविण्यास प्रारंभ केला. मूळची बांग खतीब मिंबरावर चढून बसल्यावर त्याच्या समोर दिली जाते. ती संपताच तो उठतो, बहुधा हातात काठी घेऊन, आणि ईश्वराची स्तुती, प्रेषितांवर दरूद, ईश्वराचे भय बाळगण्याचा उपदेश व कुराणातील एखादी आयत अशा क्रमाने पहिला खुतबा पुरा करतो, क्षणभर बसतो, पुन्हा उठून दुसरा देतो, ज्यात समस्त श्रद्धावंतांसाठी प्रार्थना असते. या अवधीत श्रोत्यांनी संपूर्ण मौन पाळायचे असते, इतके की बोलणाऱ्या शेजाऱ्याला ‘गप्प राहा’ म्हणणे हेही हदीसने व्यर्थ भाषणात जमा केले आहे. खुतबा आखूड आणि नमाज लांब असणे हे मनुष्याच्या समजूतदारपणाचे लक्षण, असेही एक वचन आहे. हिंदुस्थानात खुतबा परंपरेने अरबीत होत आल्यामुळे, श्रोत्यांना समजेल असे उर्दूतील किंवा स्थानिक बोलीतील बयान पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या बांगेच्या आधीच उरकले जाते.

कुराणाच्या बासष्टाव्या अध्यायाचे नावच ‘अल-जुमुआ’ आहे. त्यात पुकार होताच खरेदीविक्री सोडून या, आणि नमाज झाली की भूमीवर पांगून ईश्वराची कृपा शोधा, अशी आज्ञा आहे. म्हणजे शुक्रवार हा सक्तीच्या विश्रांतीचा दिवस नव्हे. बाजार मधल्या एका घटकेपुरता थांबतो. त्याच अध्यायाच्या अखेरच्या आयतीमागे एक प्रसंग सांगतात: प्रेषित खुतबा देत असता धान्याचा काफिला मदिनेत आला, आणि महागाईने गांजलेले लोक त्यांना उभे सोडून तिकडे धावले, जाबिर यांच्या सांगण्याप्रमाणे जागेवर अवघे बारा राहिले. एका परंपरेनुसार तेव्हा खुतबा नमाजेनंतर होत असे, आणि या घटनेनंतरच तो आधी आणण्यात आला. ईदचा खुतबा मात्र आजही नमाजेनंतरच होतो.

जी नमाज समुदायावाचून होतच नाही, तिच्यासाठी समुदाय कशास म्हणावे, हा प्रश्न धर्मशास्त्रज्ञांना सोडवावा लागला, आणि त्याची दोन उत्तरे आपल्या महाराष्ट्रातच शेजारी शेजारी नांदतात. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे; घाटावरचे बहुतेक हनफी. शाफई गणना करतात: गावात कायम राहणारे चाळीस प्रौढ पुरुष हजर हवेत, कारण मदिनेत असअद बिन जुरारा यांनी जमविलेला पहिला जुम्मा चाळिसांचा होता. हनफींना इमामाखेरीज तिघे पुरतात, परंतु जागा शहर किंवा कसबा असावी, राज्यकर्त्याची परवानगी असावी, आणि दार सर्वांस मोकळे असावे, असा त्यांचा आग्रह. किल्ल्याचे दरवाजे बंद करून अमीर आपल्या शिबंदीसह जुम्मा पढेल तर तो होत नाही. तेच दरवाजे उघडून लोकांना मुभा दिली तर होतो, असा त्यांच्या ग्रंथांतला निवाडा आहे.

हा भेद उशिरा आलेल्या मनुष्याच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. खुतबा चालू असता तो मशिदीत शिरला, तर शाफई असल्यास दोन लहानशा रकाती पढून बसेल. हनफी असल्यास तसाच बसून ऐकेल. त्याहून उशीर होऊन इमाम दुसऱ्या रकातीच्या रुकूमधून उठल्यावर तो पोचला, तर दोघेही जुम्म्याच्या उद्देशानेच रांगेत उभे राहतील. परंतु इमामाने सलाम फेरल्यावर शाफई उठून जुहरच्या चार रकाती पुऱ्या करील, कारण एक पूर्ण रकात हाती लागल्यावाचून जुम्मा लाभत नाही, आणि हनफी आपल्या रूढ मताप्रमाणे दोनच पुऱ्या करील, कारण सलामापूर्वी त्याला जमात सापडली.

राज्यकर्त्याच्या अटीमुळे खुतबा राजकारणात शिरला. दुसऱ्या खुतब्यात सुलतानाचे नाव घेणे आणि नाण्यावर ते कोरणे, ही सत्तेची दोन चिन्हे दिल्लीपासून दख्खनच्या शाह्यांपर्यंत मानली गेली. नाव बदलले की राज्य बदलले असे रयत समजे. दख्खनच्या कसब्यांतून काजी व खतीब यांना इनामे असत, आणि खतीब हे आडनाव अजून चालू आहे. मग इंग्रजी अंमल आल्यावर जुम्म्याचे काय? बंगालमध्ये हाजी शरियतुल्ला यांच्या फराइजी पंथाने, मुसलमान राज्यकर्ता नाही म्हणून, खेड्यापाड्यांतून जुम्मा व ईदची नमाज स्थगित केली. जौनपूरचे मौलाना करामत अली यांनी त्यास कडवा विरोध करून जुम्मा चालू ठेवण्याचा पुरस्कार केला. हनफी शास्त्रातच यास आधार होता: मुसलमान राज्यकर्ता नसेल तेथे लोकांनी एकमताने इमाम नेमावा, म्हणजे त्यांची संमती हीच परवानगी. हनफी मशिदींत आज खतीब मिंबरावर चढतो तो याच तोडग्यावर, आणि शंकेला जागा उरू नये म्हणून काहीजण जुम्म्यानंतर सावधगिरीने जुहरच्या चार रकातीही पढून घेतात.