३६० चे दोन भाग गुणाकारात किती प्रकारे?

घनसावंगीकडे मोसंबीच्या बागा भरपूर, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. तुमच्याकडे ३६० रोपं आहेत. प्रत्येक ओळीत सारखीच रोपं हवीत आणि एकही उरायला नको. अशी मांडणी किती प्रकारे होईल?

बहुतेक जण १ × ३६०, २ × १८० असं लिहायला लागतात आणि मध्येच ८ × ४५ सारखी जोडी सुटते. त्यापेक्षा आधी विभाजक मोजा.

३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. विभाजक तयार करताना २ हा शून्य ते तीन वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय. ३ साठी तीन पर्याय, ५ साठी दोन. एकूण ४ × ३ × २ = २४ विभाजक.

आता जोड्या लावा. एक विभाजक निवडला की दुसरा आपोआप ठरतो: ८ घेतला तर ४५, आणि ४५ घेतला तर पुन्हा ८. म्हणजे २४ विभाजकांत प्रत्येक जोडी दोनदा आली. क्रम महत्त्वाचा नसेल तर उत्तर १२. पण "८ ओळींत ४५-४५" आणि "४५ ओळींत ८-८" या बागेत वेगळ्या मांडण्या आहेत, तिथे उत्तर २४. प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते आधी बघा, कारण चूक बहुधा इथेच होते.

पडताळणी सोपी आहे. जोडीतला लहान विभाजक वर्गमूळापेक्षा लहानच असतो. ३६० चं वर्गमूळ १९ च्या किंचित खाली, म्हणून १८ पर्यंतच बघा: १, २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२, १५, १८. बरोबर बारा.

आता रोपं ४०० घ्या. ४०० मध्ये २ चार वेळा आणि ५ दोन वेळा, म्हणून विभाजक ५ × ३ = १५. निम्मे केले तर साडेसात! अपूर्णांक आला की समजायचं, संख्या पूर्ण वर्ग आहे. २० ची जोडी २० शीच लागते, त्यामुळे तो एकदाच मोजला गेला. उरलेल्या १४ च्या ७ जोड्या आणि ही एक, म्हणजे ८ प्रकार. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो, म्हणून प्रत्येकाचे पर्याय विषम आणि त्यांचा गुणाकारही विषमच.

शेवटी एक फिरवलेला प्रश्न: ३६० चे दोन अवयव सहमूळ हवे असतील तर? मग तिन्ही २ एकाच बाजूला गेले पाहिजेत, दोन्ही ३ सुद्धा एकाच बाजूला. म्हणजे ८, ९ आणि ५ हे तीन गठ्ठे दोन बाजूंना वाटायचे. प्रत्येकाला दोन पर्याय, एकूण ८. क्रम सोडला तर ४. त्या चार जोड्या: १ × ३६०, ५ × ७२, ८ × ४५, ९ × ४०.

हेच तिन्ही प्रश्न आता ९०० साठी सोडवा. निम्मे करण्याआधी मात्र थांबा.