चढावर नव्वद टिकवताना

क्रूझ कंट्रोल ताशी ९० वर लावून ड्रायव्हरनं पाय बाजूला घेतला की सपाट रस्त्यावर त्या यंत्रणेला फारसं काही करावं लागत नाही. तिची परीक्षा चढावर होते. १९५८ साली अमेरिकेत क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत ही सोय पहिल्यांदा आली, ती राल्फ टीटर या लहानपणीच दृष्टी गेलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेतून. त्यानंतर यंत्रणा खूप बदलली, पण चढानं घातलेलं कोडं तेच आहे.

ते कोडं आकड्यांत मांडू. समजा, गाडीचं वस्तुमान १२०० किलो आहे. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला हवा आणि टायर मिळून साधारण ४०० न्यूटनचा विरोध करतात, आणि वेग सेकंदाला एक मीटरनं वाढला की हा विरोध २१ न्यूटननं वाढतो. गाडीचं सगळं गणित एका ओळीत मावतं: इंजिनाच्या जोरातून हवेचा-टायरचा विरोध आणि चढाची ओढ वजा करा, उरेल तेवढ्या जोरानं वेग बदलतो. गिअर, इंधन, टायरची घसरण, सगळं आपण मुद्दाम सोडून दिलंय. कंट्रोलर ठरवायला एवढं पुरतं.

आता शंभर मीटरला चार मीटर चढणारा रस्ता येतो. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो, पण गाडीला मागे खेचणारा जोर ४७० न्यूटननं वाढतो. म्हणजे इंजिनाला एकदम दुपटीहून जास्त जोर लावायला हवा.

सरळ उपाय असा: वेग जेवढा कमी, तेवढा जोर जास्त. सेकंदाला एक मीटर कमी पडला तर ४६० न्यूटन वाढवा. हा झाला प्रपोर्शनल, म्हणजे ‘पी’ भाग. पण त्यात एक मेख आहे. जादा जोर मिळतो तो वेग कमी आहे म्हणूनच. वेग पुरता ९० वर आला तर जादा जोरही शून्य, आणि चढ तर अजून आहेच. म्हणून गाडी ८६ ते ८७ च्या मध्ये कुठेतरी स्थिरावते आणि चढ संपेपर्यंत तिथेच राहते. ४६० चा आकडा वाढवत नेला तर तूट घटते, पण संपत मात्र नाही. शिवाय वेगात जराशी चलबिचल झाली तरी थ्रॉटल धक्के द्यायला लागतो.

इथे ‘आय’ भाग, म्हणजे इंटिग्रल, लागतो. तो उधारीची वही ठेवतो: किती वेळ किती वेग कमी पडला याची बेरीज करत राहतो आणि त्या बेरजेला ठरावीक आकड्यानं गुणून तेवढा जोर वाढवतो. तूट शून्य झाली तरी वहीतली रक्कम राहते, आणि चढाचे ४७० न्यूटन तीच पुरवते.

हा गुणक किती ठेवायचा? आपल्या गाडीला ४८ चांगला बसतो. मग चढ लागल्यावर पाचव्या सेकंदाला वेग साडेसत्याऐंशीच्या खाली जरासा उतरतो, आणि विसाव्या सेकंदाला नव्वदला अर्धाच किलोमीटर कमी असतो. गुणक दसपट केला तर वेग लवकर परततो, पण नव्वदच्या वर जातो, पुन्हा खाली येतो. सुमारे दहा सेकंदांना एक हेलकावा. मागच्या सीटवरच्या माणसाला कंट्रोलर बिघडलाय हे समजायला एवढं बस्स.

या वहीत एक मजा आहे. वेगाची तूट गुणिले वेळ म्हणजे अंतर. ४७० ला ४८ नं भागलं की ९.८ मीटर येतात: चढावर आपली गाडी नेमक्या नव्वदनं जाणाऱ्या गाडीच्या तेवढीच मागे पडते. चढ संपून रस्ता सपाट झाला की वेग थोडा वेळ नव्वदच्या वर राहतो आणि ते अंतर भरून निघतं. हिशेब चुकता.

अडचण येते ती चढ इंजिनाच्या ताकदीबाहेर गेला की. समजा, चढ दुप्पट, शंभराला आठचा आहे, आणि गाडी टॉप गिअरमध्ये जास्तीत जास्त १२०० न्यूटन देऊ शकते. लागतात १३४०. थ्रॉटल पूर्ण उघडा, तरी वेग घसरतोच. मिनिटभरात तो पंधराएक किलोमीटरनं खाली येतो, आणि वहीत मात्र सात हजार न्यूटनच्या वर रक्कम चढते. ती कधीच द्यायची नव्हती. चढ संपला की वेग नव्वदच्या पुढे जातो, तरी थ्रॉटल उघडाच राहतो, कारण वही रिकामी व्हायला वेळ लागतो. काटा मर्यादेच्या वर आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, ही या दोषाची खूण. त्याला ‘वाइंडअप’ म्हणतात. उपाय साधा आहे: थ्रॉटल शेवटच्या टोकाला टेकला की बेरीज थांबवायची.

थ्रॉटलला दुसरं टोकही असतं, पूर्ण बंद. उतारावर गाडी तिथे पोहोचते, आणि ज्या क्रूझ कंट्रोलला ब्रेक जोडलेला नाही तो तिथून पुढे काहीच करू शकत नाही. वेग वाढतच जातो आणि ब्रेक ड्रायव्हरलाच दाबावा लागतो.